गोरं करून मिळणार नाही

माझ्या पार्लरच्या बोर्डावर सासूबाईंचं नाव आहे, त्यापुढे फक्त ‘ब्युटी पार्लर’. कुंभार पिंपळगावात रस्त्याकडेची खोली त्यांनीच दिली, मग नाव त्यांचंच.

पण फोनवरच्या नकाशात आमचं प्रोफाइल उघडलं माझ्या दिरानं. त्याचं मोबाईलचं दुकान, म्हणून त्याला सगळं कळतं म्हणे! त्यानं नावातच भरलं: बेस्ट ब्रायडल मेकअप, फेशियल, गोरा ग्लो, जालना जिल्हा. सासूबाईंचं नाव शेवटी, तेही अर्धवट. लग्नसराई तोंडावर आली आणि एका सकाळी प्रोफाइल बंद; नाव दुकानाच्या खऱ्या नावाशी जुळत नाही, असं नकाशावाल्यांनी कळवलं. आजूबाजूच्या गावच्या नवऱ्या नकाशावरूनच फोन करायच्या, तो फोनच थांबला. माझं डोकं फिरलं. अख्ख्या वर्षाची कमाई या सराईवर.

“भाऊजी, बोर्डावर आहे तेच नाव टाका,” मी म्हटलं.

“वहिनी, मंग लोकायला कळंल कसं, तुम्ही काय करता ते?”

“त्याला खाली जागा आहे की.”

नाव दुरुस्त केलं, बोर्डाचा फोटो आणि दुकानाच्या नोंदणीचा कागद जोडून अर्ज केला. काही दिवसांनी प्रोफाइल परत दिसू लागलं. मग सेवांची यादी मी स्वतः लिहिली, एकेकीखाली दोन ओळी. ब्लीच: आदल्या दिवशी या, सोसतंय का ते कानामागं लावून बघते. प्रॉडक्टच्या रकान्यात मेंदीचे कोन, फोटो आणि किमतीसकट: घरी भरलेले, फ्रीजमध्ये ठेवा, लवकर वापरा. आणि नवरीच्या मेकअपखाली: आहे त्याच रंगात करते, गोरं करून मिळणार नाही.

दिरानं कपाळाला हात लावला. “बिलकुल धंदा बुडवून राह्यल्या तुम्ही.”

मी ओळ काढली नाही. माझ्या लग्नात मला पिठाच्या डब्यातून काढल्यासारखी उभी केली होती. अजून तो अल्बम मी उघडत नाही.

पहिला फोन आला तेव्हा दीर समोरच चहा पीत होता. मी स्पीकर लावला. नवरीची आई होती.

“बाई, ते गोरं करत न्हाई लिवलंय, खरं हाय का?”

दीर गालात हसला. मी म्हटलं, “बिलकुल खरंय.”

“मंग आमची तारीख धरा. पोरगी काळीसावळी हाय. बघायला आल्ते तवा तशीच बसवली, तशीच पसंत पडली. आता मांडवात दुसरीच पोरगी कशाला उभी करू?”

मला हुंदका आवरेना. तारीख दिरानंच लिहून घेतली.