गिरजाबाईंचा लोहचुंबक

पेणमधल्या भांड्यांच्या दुकानात पुंडलिकदादा बावीस वर्षं नावं घालतात. एकदा त्यांच्या मशीनची सुई भांड्यावरून फिरली की भांडं परत होत नाही. त्यामुळे नाव घालण्याआधी ते पोलिसांइतके प्रश्न विचारतात.

भांड्यांवरच्या चिठ्ठ्याही तेच लिहितात. मालक सुजयने एकदा तव्यावर ‘आयुष्यभर नॉनस्टिक, शंभर टक्के सेफ’ असं लिहायला सांगितलं. दादांनी विचारलं, “कोणाचं आयुष्य? तव्याचं का गिऱ्हाइकाचं?” आणि लिहिलं: ‘ॲल्युमिनियमचा तवा, पीटीएफईचा नॉनस्टिक लेप. मध्यम आचेवर वापरा. रिकामा तापवू नका. लाकडी उलथणं वापरा. लेप उठला की बदला.’ सुजय आठवडाभर तोंड पाडून बसला.

परवा कासूच्या गिरजाबाई आल्या. लेक दिशा रोह्याला कंपनीत लागलेली, तिला पातेलं द्यायचं होतं. पदराच्या गाठीत जुन्या स्पीकरचा लोहचुंबक. तो त्यांनी दहा पातेल्यांना लावून पाहिला आणि जिथे अजिबात चिकटला नाही तेच उचललं.

“याच्यावर दिशाचं नाव घाला.”

“रोह्याला शेगडी कसली हाय गो?”

“शेगडी कुठली? खोलीवाला गॅस लावू देत नाय. इंडक्शन घेतलंय.”

दादांनी सुई खाली ठेवली. “मग हे चालणार नाय.”

“का? चुंबक चिकटत नाय म्हंजे अस्सल स्टील. सासूनं शिकवलंय.”

“सासूबाईंच्या वेळी इंडक्शन नव्हतं. आणि हलक्या २०२ नंबरच्या स्टीललापण चुंबक सहसा चिकटत नाय. चांगलं ३०४ हाय का २०२, ते चुंबकाला नाय, कंपनीच्या कागदाला विचारायचं.”

गिरजाबाईंचा चेहरा आंबला. दादांनी वाद न घालता पातेल्यात पाणी घालून ते दुकानातल्या इंडक्शनवर ठेवलं. इंडक्शन दोनदा टीं-टीं करून बंद झालं.

मग त्यांनी दुसरं पातेलं काढून कागद दाखवला: आतून ३०४, मध्ये ॲल्युमिनियम, बाहेरून चुंबक धरणारं ४३० स्टील. चुंबक आतल्या बाजूला जेमतेम ओढला गेला, पण तळाला टपकन बसला. इंडक्शनवर थोड्या वेळात पाण्याला बुडबुडे आले.

“म्हंजे चिकटायला पायजे?” गिरजाबाईंनी खात्री करून घेतली.

“इंडक्शनला, व्हय. तळाला.”

“आणि तो तवा किती वर्षं टिकेल?” त्यांनी चिठ्ठी लावलेल्या नॉनस्टिक तव्याकडे बोट दाखवलं.

“सांगता येत नाय. तापवणाऱ्यावर हाय.”

सुजयने कपाळाला हात लावला. गिरजाबाई मात्र पहिल्यांदा हसल्या. “दिशा रिकामाच तापवेल, फोनवर बोलत. तवा नको. पातेलं द्या.”

दादांनी काठाखाली बाहेरच्या बाजूला सावकाश नाव घातलं: ‘दिशास, आईकडून’. तळाला सुई लावली नाही.

गिरजाबाईंनी पातेलं पालथं घेतलं, चुंबक गाठीत न बांधता तळालाच बसवला आणि म्हणाल्या, “ऱ्हाऊ दे तिच्याकडंच. पुढची भांडी ती घेईल.”