कोटेशनमधले तीन ते पाच

पाणीपुरवठा खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेल्या त्या गृहस्थांना सगळे ‘कलमसाहेब’ म्हणत. चौतीस वर्षं त्यांनी लोकांचे अर्ज ‘कलम अमुक, पोटकलम तमुक’ म्हणून परत पाठवले होते, आणि निवृत्तीनंतरही ती खोड गेली नव्हती. दूधवाल्याशी बोलतानासुद्धा ते ‘सदर पिशवी’ म्हणत. बायको म्हणायची, “आमच्या लग्नाला ह्यांनी होकार दिला नाही, मंजुरी दिली.”

असा हा कोरडा ठणठणीत माणूस. आणि या कोरड्या माणसाची अब्रू एका अल्बमने घालवली होती.

झालं असं, की सहा वर्षांपूर्वी थोरल्या मुलीच्या लग्नात, ती गाडीत बसताना, कलमसाहेबांना रडू फुटलं. साधंसुधं नाही. तोंड वासून, नाक गाळत, खांदे गदागदा हलवत. त्या वेळच्या फोटोग्राफरने नेमका तो क्षण टिपला आणि अल्बममध्ये पान छत्तीस-सदतीसवर, दोन्ही पानं भरून, चिकटवला. त्या दिवसापासून घरात पाहुणा आला की मेहुणा अल्बम काढायचा आणि बाकी काही न दाखवता थेट छत्तिसावं पान उघडायचा. ऑफिसातल्या पोरांनी तर विचारलंच होतं, “साहेब, रजेच्या अर्जावर सही करताय की हुंदका देताय?” चौतीस वर्षांत कमावलेला दरारा एका दुपारीत धुऊन निघाला.

आता धाकटीचं लग्न ठरलं होतं. कलमसाहेबांना हॉलची काळजी नव्हती, जेवणाची नव्हती, व्याह्यांच्या मानपानाची नव्हती. त्यांना एकच काळजी होती. धाकटी तर थोरलीपेक्षा जास्त जीवाची. आपल्याला रडू येणार, हे त्यांना सूर्य उगवणार इतकं पक्कं ठाऊक होतं. प्रश्न एवढाच, की तेव्हा समोर कॅमेरा असता कामा नये.

आणि फोटोग्राफरबाईंचं कोटेशन आलं.

बाई चाळिशीच्या, कामाला चोख, सोबत दोन सहाय्यक. पत्र टाइप केलेलं, खाली शिक्का. कामाचे तास आठ, सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच. जादा तास लागल्यास प्रतितास दर वेगळा. अल्बम चाळीस पानी, त्यापुढची पानं दोन-दोनच्या जोडीने. प्रवासखर्च स्टुडिओ ते हॉल, जाऊन-येऊन. एकूण रकमेच्या चाळीस टक्के अ‍ॅडव्हान्स, तो मिळाल्यावरच तारीख राखून ठेवली जाईल. कोटेशनची मुदत पंधरा दिवस.

कलमसाहेबांनी चष्मा पुसला, लाल पेन्सिल काढली. निरोपाची वेळ दुपारी चारची. पाचपर्यंत बाई हॉलवर. म्हणजे बोंबललं.

तास कमी करा म्हणावं, तर बायको ताबडतोब विचारणार, “एवढं एकच लग्न उरलंय, त्यातही काटकसर?” तेव्हा तास आठच ठेवायचे आणि अख्खेच्या अख्खे अलीकडे ओढायचे, असं त्यांनी ठरवलं. दुसऱ्या दिवशी दहाच्या ठोक्याला ते स्टुडिओत हजर.

“बसा काका. चहा सांगू?”

“चहा नको. मुद्द्याचं बोलू. काम सकाळी सातला सुरू करायचं.”

“सातला?” बाई हसल्या. “काका, मी त्या हॉलवर दहादा काम केलंय. आठच्या आत कुलूपच उघडत नाही.”

“मग सात स्टुडिओतून निघण्याची वेळ धरा. तास तिथून मोजा. एक तासाचा रस्ता आहे. आठला हॉलवर, तीनला काम समाप्त.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. अठरा वर्षांच्या धंद्यात असं गिऱ्हाईक त्यांनी पाहिलं नव्हतं. येणारा प्रत्येक जण भांडायचा तो प्रवासाचे तास मोजू नका म्हणून. हा गृहस्थ मोजा म्हणून हट्ट धरून बसला होता.

“काका, ह्यात तोटा तुमचाच आहे. मी रस्त्यात असेन तेव्हा फोटो कुणाचे काढू? ट्रकचे?”

“तत्त्वाचा प्रश्न आहे. तुम्ही घरातून निघालात की ड्युटी सुरू.”

“बरं, आठ वाजता तरी कोण असतं? नवरी पार्लरला. झाडूवाल्या मावशी आणि खुर्च्या.”

“खुर्च्यांचे काढा. त्यांचंही भाडं भरलंय.”

“आणि तीननंतर? निरोप चारला आहे ना?”

“निरोपाचे फोटो काय काढायचे! गाडी येते, गाडी जाते.” असं म्हणताना कलमसाहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं.

बाई म्हणाल्या, “मग मी असं करते, तीन ते पाच माझ्याकडून भेट. पैसे नकोत.”

“अजिबात नाही!” साहेब जवळजवळ ओरडलेच. “फुकटचं आम्ही घेत नाही. उलट एक वाक्य घाला. ‘जादा तास ग्राहकाच्या लेखी संमतीशिवाय करू नये.’ तोंडी चालणार नाही. ग्राहकाची, आणि तीही लेखी.”

बाईंनी वाक्य घातलं. सुधारित कोटेशन घेऊन कलमसाहेब घरी आले ते शीळ घालत. बायकोने कागद वाचला, नवऱ्याकडे पाहिलं, पुन्हा कागद वाचला.

“सातला कशाला हो?”

“सकाळचा उजेड चांगला असतो.”

“हॉलमध्ये?”

“तू छायाचित्रकलेत पडू नकोस.”

ती पडली नाही. पण धाकटीला स्वयंपाकघरात बोलावून तिने दार लोटून घेतलं. आत काय कुजबुज झाली ते आपल्याला ऐकू आलं नाही. हसू मात्र बाहेरपर्यंत आलं.

अ‍ॅडव्हान्स भरायचा राहिला होता. बाईंना तो फोनवरून हवा होता आणि कलमसाहेबांचा फोनवरच्या पैशावर काडीचा विश्वास नव्हता. “ही घे रक्कम, तुझ्या फोनवरून पाठव आणि पावती काढ,” असं म्हणून त्यांनी नोटा धाकटीच्या हातात दिल्या. पावती आली. ती त्यांनी रक्कम आणि तारीख पाहून फायलीत लावली. नाव वाचायची गरज त्यांना वाटली नाही.

लग्नाच्या दिवशी साडेसातपासून ते हॉलच्या फाटकात घड्याळ घेऊन उभे होते. आठला तीन मिनिटं असताना बाईंची गाडी आली आणि साहेबांनी पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला. मग बाईंनी खरोखरच खुर्च्यांचे फोटो काढले. मावशींनी झाडू मागे लपवून एक फोटो काढून घेतला.

लग्न छान लागलं. जेवणं झाली. मेहुणा सारखा येऊन विचारत होता, “भावोजी, रुमाल किती आणलेत?” साहेब नुसते गालात हसत होते. पावणेतीनला ते बाईंच्या जवळ जाऊन उभे राहिले. तीनला पाच कमी. तीनला दोन. तीन.

“चला मॅडम, उत्तम काम झालं. वाटेत गर्दी लागेल, निघा तुम्ही.”

बाईंनी कॅमेऱ्याची बॅटरी बदलली. “निघते ना काका. पाचला.”

“म्हणजे? लेखी संमती कुठाय?”

बाईंनी पिशवीतून कागद काढला. खाली टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं: ‘तीन ते पाच, जादा दोन तास, संमती आहे. जादा दर मी देईन.’ आणि सही. धाकटीची.

“पण ग्राहक मी आहे!”

“काका, ज्याच्या नावाने अ‍ॅडव्हान्स आला तो ग्राहक. पावती तिच्या नावाची आहे. तुम्ही पाहिली असेलच.”

कलमसाहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. आपणच घातलेलं कलम, आपल्याच गळ्यात. वाद घालायला जागा नव्हती. नियम बरोबर होता, आणि त्याचंच त्यांना जास्त वाईट वाटलं. ते थेट नवरीच्या खोलीत गेले.

“तू मला न विचारता सही केलीस?”

धाकटी आरशासमोर बसून पिना काढत होती. “बाबा, ताईच्या अल्बममधलं कुठलं पान मी सगळ्यात जास्त वेळा पाहिलंय, सांगू?”

“नको.”

“तुम्ही वर्षभर आमच्याशी अर्जासारखं बोलता. एवढ्या एका पानावर कळतं तुम्हाला काय वाटतं ते. मलाही हवंय तसं एक.”

साहेब बाहेर आले. रडू तर येणारच होतं. आता पळूनही जाता येणार नव्हतं.

चार वाजले. गाडी आली. धाकटी आईच्या गळ्यात पडली, मग वडिलांकडे वळली. मेहुणा फोन रोखून तयार. बाई गुडघ्यावर बसल्या, दोन्ही सहाय्यक दोन बाजूंना. कलमसाहेबांची हनुवटी थरथरायला लागली. रडू आता फुटणार, एवढ्यात—

“आई गं!” असा हंबरडा हॉलच्या दारात फुटला.

सगळे गर्रकन वळले. नवऱ्या मुलाचे वडील! वाहतूक कंपनीचे मालक, सहा फूट उंच, झुपकेदार मिशा, ज्यांना पाहून ड्रायव्हर विडी विझवत. ते खांबाला धरून ढसाढसा रडत होते. “मला तीन मुलगे हो... तीन ठोंबे! घरात कुणी ‘बाबा, जेवलात का’ विचारत नाही... आज मला मुलगी मिळाली हो!” मिशा भिजून खाली आल्या होत्या.

त्यांची बायको म्हणाली, “अहो, मुलगी त्यांची चाललीय. रडायचं त्यांनी!” पण ऐकतंय कोण. तिन्ही ठोंबे वडिलांना आवरायला धावले. पाहुणे धावले. मेहुण्याचा फोन तिकडे वळला. बाई, दोन्ही सहाय्यक, सगळे तिकडे.

आणि इकडे गाडीच्या आडोशाला, धाकटीच्या खांद्यावर डोकं ठेवून, कलमसाहेब चांगले मन भरेपर्यंत रडले. कुणी पाहिलं नाही. कुणी रुमालांची संख्या विचारली नाही. ती पाठीवरून हात फिरवत राहिली. एकदा तर ती हसून म्हणाली, “बाबा, घाई नाही. पाचपर्यंत वेळ आहे.” सहा वर्षांपूर्वी कॅमेरा दिसल्यावर अर्धवट राहिलेलंसुद्धा त्यांनी त्यातच उरकून घेतलं. मग नाक शिंकरलं, चष्मा पुसला आणि तरातरा खांबापाशी गेले. व्याह्यांना पाणी देत म्हणाले, “सावरा स्वतःला. असं लोकांदेखत बरं दिसत नाही.”

पंधरा दिवसांनी अल्बमसाठी फोटो निवडायला स्टुडिओत जायचं होतं. धाकटीने सगळं आईवर सोपवलं होतं. कलमसाहेब आपणहून सोबत निघाले. पडद्यावर अकराशे फोटो एकामागून एक सरकले. व्याही रडताना समोरून, बाजूने, मिशांसकट, मिशांशिवाय. स्वतः साहेब मात्र एकाही फोटोत रडताना नव्हते. त्यांनी हुश्श केलं ते सहाय्यकालाही ऐकू गेलं.

“काका, चाळीस पानं भरली,” बाई म्हणाल्या. “निरोपाचे बसवायचे तर जादा पानं लागतील.”

“चार घ्या,” साहेब म्हणाले. “आणि व्याह्यांचा तो खांबाजवळचा दोन्ही पानं भरून. ह्या पानांचा खर्च माझ्याकडे. द्या कागद, लेखी देतो.”

“थांबा,” बायको पडद्याजवळ वाकली. व्याह्यांच्या मागे, गाडीच्या काचेपलीकडे, दोन धूसर आकृत्या होत्या. एकमेकींना बिलगलेल्या. चेहरे ओळखू येत नव्हते, पण एकीचं टक्कल लख्ख चमकत होतं. “हा घ्यायचा. पोरीला हवाय.”

कलमसाहेबांनी चष्मा नाकावर सरकवून बराच वेळ निरखलं. “रडताना दिसतोय का मी?”

“नाही. नुसते उभे दिसताय.”

“मग हरकत नाही,” ते म्हणाले, आणि कागदावरचे चार खोडून सहा केले. खाली सही केली. मग जरा थांबून बाईंना हळूच विचारलं, “हा एवढा भाग थोडा मोठा करता येईल का हो?”