नॅनकिवेलबाई आणि डोक्यातून उगवलेला खांब

पोर्ट टॅरिनमध्ये सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं की नॅनकिवेलबाईंना ॲडलेडच्या वर्तमानपत्रातून हाकलून दिलंय. कारण विचाराल तर प्रत्येकाचं वेगळं. बेकरीतल्या मर्लचं म्हणणं, बाईंनी एका मंत्र्याच्या फोटोतून त्याची बायको खोडली. पेट्रोल पंपावरचा डेस म्हणायचा, खोडली नाही, दुसरीच बसवली. बाईंच्या वर्गातली जुनो पॅस्को या दोघांची हुबेहूब नक्कल करून दाखवायची. मर्ल करताना ओठ पुढे आणि हात पोटावर, डेस करताना एक डोळा मिटलेला. आठवीपासून दहावीपर्यंतची मुलं तिच्याभोवती गोळा व्हायची.

खरी गोष्ट एवढीच की बाईंना कुणी हाकललंच नव्हतं. तरुणपणी त्या वर्तमानपत्राच्या कचेरीत छापायच्या फोटोंवर बारीक ब्रशनं रंग भरायच्या. एकदा साहेबांच्या सांगण्यावरून त्यांनी एका फुटबॉलपटूच्या काखेतली कुबडी रंगवून पुसली, कारण फोटो ‘आजारी दिसत होता’. दुसऱ्या दिवशी शहरभर झालं की गडी ठणठणीत उभा आहे आणि दुखापतीचं नाटक करतोय. बाई स्वतः त्याच्या घरी गेल्या, माफी मागितली, साहेबांच्या मागे लागून खुलासा छापून आणला, आणि मग त्याच टेबलावर आणखी अकरा वर्षं काम केलं. छपाईचं काम आटल्यावर पोर्ट टॅरिनच्या शाळेत फोटोग्राफीच्या शिक्षिका झाल्या. हे सगळं त्या दर वर्षी पहिल्याच तासाला वर्गाला सांगत. पण यात कुणाची बायको नसल्यामुळे गावाला त्यात रस नव्हता.

जुनो बाईंचीही नक्कल करायची. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, मान एका बाजूला, आणि सावकाश, प्रत्येक शब्दाला बसायला खुर्ची देत असल्यासारखं: “आधी. बघायचं. मग. बोलायचं.”

फेब्रुवारीतल्या त्या बुधवारी मात्र जुनोला कुणाचीच नक्कल सुचत नव्हती.

त्याआधीच्या रविवारी दुपारी चारच्या सुमाराला पोहायला उतरलेल्या एका पाहुण्या जोडप्याला समुद्रानं आत ओढलं. जुनोचे बाबा, ग्रॅहम पॅस्को, किनाऱ्यावरच्या जीवरक्षक मंडळाचे गेली बावीस वर्षं कॅप्टन. त्यांनी दोघांनाही बाहेर काढलं. दोघं संध्याकाळी बेकरीतली पास्टी, म्हणजे मांस-बटाट्याची करंजी, खाऊन आपल्या गाडीनं घरी गेली. गोष्ट इथं संपायला हवी होती. पण मंगळवारी ‘बीकन’ या गावच्या साप्ताहिकाच्या पहिल्या पानावर फोटो आला: लाटांतून त्या बाईला धरून आणणारे बाबा, मागे लख्ख वाळू, आणि वाळूवर एका बादलीखेरीज काही नाही. ‘समुद्रात उतरू नका’ हा फलक नाही. तो लावल्याचं बाबा छातीठोक सांगत होते.

त्या जोडप्यातल्या नवऱ्याच्या भावानं मंडळाला पत्र लिहिलं. समितीचे अध्यक्ष टेरी हॉस्किंग यांनी घसा साफ करून जाहीर केलं की गुरुवारी बैठक होईल आणि ग्रॅहमनं कॅप्टन राहावं की नाही यावर मत घेतलं जाईल.

“फलक मी लावला होता, टेरी,” बाबा म्हणाले होते. “केव्हनं पाहिलंय.”

“केव्ह तुझा जिगरी दोस्त आहे, ग्रॅहम. फोटो कुणाचा दोस्त नसतो.”

त्या रात्री बाबांनी मंडळाची पिवळी टोपी धुवायला टाकली नाही, नुसती खुंटीला लावली. आई म्हणाली, “वाळूनं भरलीय ती.” बाबा म्हणाले, “असू दे. परत द्यायची झाली तर वाळूसकट देतो.”

म्हणून बुधवारी जुनो ‘बीकन’चा अंक घेऊन तासाला आली आणि तिनं तो बाईंच्या टेबलावर आपटला.

“मिस, तुम्ही फोटोतलं खोटं ओळखता ना? हे ओळखा.”

बाईंनी अंकाकडे पाहिलं, मग जुनोकडे. “तुला काय सापडायला हवंय, ते मला ठाऊक आहे. म्हणून तू शेवटच्या बाकावर बस. ज्याला काही सापडायला हवं असतं, त्याला ते ढगातही सापडतं.”

वर्ग हसला. जुनो फणकाऱ्यानं मागे गेली.

साप्ताहिकाच्या संकेतस्थळावरचा मोठा फोटो बाईंनी पडद्यावर लावला. “मधल्या माणसांकडे बघू नका. सगळे तिकडेच बघतात, म्हणून बदल करणारा तिथं जपून काम करतो. कडेला बघा. जमिनीवर बघा. ऊन कुठून येतंय?”

“डावीकडून,” पुढच्या बाकावरचा फिन म्हणाला. “ग्रॅहमकाकांची सावली उजवीकडे पडलीय.”

“छान. आता मला सावल्या मोजून दाखवा. प्रत्येक सावलीला मालक शोधायचा.”

बाबांची सावली बाबांना मिळाली. त्या बाईची तिला. किनाऱ्यावरच्या बादलीची बादलीला. मग वर्गात कुजबुज झाली. ओल्या वाळूच्या वरच्या बाजूला एक लांब, बारीक काळी रेघ होती, आणि तिच्या टोकाला चौकोनी डाग. शेवाळासारखा दिसत होता, पण शेवाळाला कोपरे नसतात.

“हिचा मालक कोण?” बाईंनी विचारलं.

जुनो शेवटच्या बाकावरून उठून उभी राहिली.

“घाई नको. अजून बघा. वस्तू काढली की तिथं भोक पडतं. ते भरायला काहीतरी लागतं. पुष्कळदा शेजारचीच वाळू उचलून चिकटवतात. मग काय होतं?”

फिननं डोळे बारीक केले. “मिस, ते कटलफिशचं हाड बघा. पांढरं, टोकाला तुटलेलं. तसंच एक वर पण आहे. तसंच तुटलेलं.”

“आणि त्याच्या शेजारचं शेवाळही तेच,” दुसरी मुलगी म्हणाली. “जुळं भावंड.”

किनाऱ्यावर कटलफिशची, म्हणजे माकुळासारख्या समुद्री प्राण्याची, हाडं हजारो पडलेली असतात. जुनो लहानपणी आजीच्या पाळलेल्या पक्ष्यांना चोच घासायला टोपल्या भरून आणायची. पण एकाच जागी तुटलेली, एकाच दिशेला पडलेली दोन हाडं तिनं कधी पाहिली नव्हती. आणि ती वरची जागा बरोबर त्या बाईच्या डोक्यामागे होती.

“म्हणजे फलकच होता,” जुनो म्हणाली.

“म्हणजे काहीतरी होतं,” बाई म्हणाल्या. “चौकोनी तोंडाचं, खांबावरचं. आइस्क्रीमची जाहिरातही असेल. या खुणांवरून एवढंच कळतं की फोटोला हात लागलाय. काय होतं, ते यातून कळणार नाही. आणि खुणा सापडल्या नसत्या, तर फोटो खरा असंही सिद्ध झालं नसतं. हल्लीचं काम इतकं सफाईदार असतं की सावलीसुद्धा पुसून टाकतात.”

“मग करायचं काय?”

“ज्यानं काढलाय त्याच्याकडून कॅमेऱ्यातला मूळ फोटो मागायचा.”

मूळ फोटो लॅकलन बुथकडे होता. ‘बीकन’मध्ये बातमी लिहिणारा, फोटो काढणारा आणि पानं लावणारा असा एकटाच तो. अंक छापायला धाडून तो मावसबहिणीच्या लग्नाला व्हायअल्ला शहरात गेला होता आणि गावात काय पेटलंय याचा त्याला पत्ता नव्हता. मधल्या सुट्टीत बाईंनी स्टाफरूममधून फोन लावला. जुनो दारात उभी होती. बाईंनी तिला हाकललं नाही.

“लॅकलन, मी नॅनकिवेल. पहिल्या पानावरच्या फोटोतून काय काढलंस?”

पलीकडे लग्नाचा बँड वाजत होता.

“मिस, खांब होता. त्या बाईच्या डोक्यातून उगवल्यासारखा. तुम्हीच शिकवलंय की. डोक्यातून खांब उगवला तर फोटो बाद.”

बाईंनी डोळे मिटले. लॅकलन त्यांचाच विद्यार्थी होता, आणि हे वाक्य त्यांचंच. जुनोला ते तोंडपाठ होतं. त्या आवाजात तिनं ते शंभरदा म्हणून दाखवलं होतं.

“शिकवलंय,” बाई म्हणाल्या. “आणि पुढे काय शिकवलंय? एक पाऊल डावीकडे सरक. फोटो काढताना सरक, लॅकलन. नंतर खांब नको सरकवूस.”

“मीही कमरेएवढ्या पाण्यात होतो. लाटांत कुठं सरकणार, मिस? पण तो नुसता खांब होता. त्याला काही अर्थ नव्हता.”

“कशाला अर्थ आहे आणि कशाला नाही, हे तू कसं ठरवलंस? बातमीच्या फोटोतून काहीही काढायचं नाही ते म्हणूनच. खांबावर काय लिहिलं होतं?”

मग लॅकलन हळूच म्हणाला, “अरे देवा.”

मूळ फोटो अर्ध्या तासात आला, कॅमेऱ्यातून निघाला तसाच. त्यात ती बाई होती, बाबा होते, आणि बाईच्या डोक्यातून खरंच एक खांब उगवला होता. खांबावर लाल अक्षरांत ‘समुद्रात उतरू नका’. खाली, काळ्या रेघेला तिचा मालक मिळाला होता. कटलफिशचं तुटकं हाड एकच होतं.

गुरुवारी बैठकीत दोन्ही फोटो शेजारी-शेजारी लावले गेले. टेरी हॉस्किंग यांनी पाच वेळा घसा साफ केला. जुनोनं मोजलं. मग ते म्हणाले, “ग्रॅहम, मत घ्यायची गरज दिसत नाही. चहा घेणार?”

“घेतो,” बाबा म्हणाले. “केव्हलाही द्या. तो माझा दोस्त आहे, तेव्हा त्याचा चहा हिशेबात धरू नका.”

लॅकलननं पुढच्या अंकात पहिल्याच पानावर माफी मागितली आणि दोन्ही फोटो छापले. त्याच्या माफीखाली बाईंनी स्वतःच्या नावानं दोन ओळी धाडल्या होत्या: अर्धवट लक्षात राहील असं शिकवलं, ती चूक माझी. त्या शुक्रवारी संध्याकाळी बाबांनी टोपी धुतली आणि दोरीवर वाळत घातली. आईनं टोपीला आणखी एक चिमटा लावला.

एवढं झाल्यावर जुनोच्या नजरेला धार आली होती. तिला सगळीकडे खोडलेलं दिसायला लागलं. पुढच्या महिन्यात ‘बीकन’मध्ये बाबांचा नवा फोटो आला: फलकाशेजारी उभे, टोपी सरळ, चेहरा दात काढायला बसल्यासारखा. जुनो तो घेऊन तडक बाईंकडे.

“मिस, लॅकलननं पुन्हा तेच केलंय. फलकाला सावली नाही. आणि शेजारचा कचऱ्याचा डबा कुठाय? तो जन्मापासून तिथं आहे.”

“खात्री आहे?”

“पैज लावते.”

“काय लावतेस?”

जुनोनं क्षणभर विचार केला. हरायचा प्रश्नच नव्हता. “हरले तर महिनाभर तुमची नक्कल करणार नाही.”

“आणि मी हरले तर पास्टी,” बाई म्हणाल्या. त्यांनी खणातून एक कागद काढला. फोटो काढला तेव्हा त्या स्वतः लॅकलनच्या मागे उभ्या होत्या, आणि मूळ फोटो त्यांनी मुद्दाम मागून छापून ठेवला होता. दोन्हीत केसाचाही फरक नव्हता. त्या दिवशी आभाळ भरून आलेलं, म्हणून सावली नाही. आणि डबा?

“तुझ्या बाबांच्या मागे आहे. लॅकलन एक पाऊल डावीकडे सरकला.”

जुनोनं दोन्ही कागद शेजारी-शेजारी धरले. “पण मग हेही लपवणंच झालं.”

“झालं की. कुठं उभं राहायचं ते फोटो काढणारा ठरवतो, आणि तेही विचारायला हवंच. पण तू पैज लावलीस डबा खोडला म्हणून.”

दुसऱ्या दिवशी हजेरी सुरू झाली. फिननं मागे वळून भुवया उडवल्या: कर की. जुनोनं तोंड उघडलं, मिटलं, आणि पेन चावत बसली.

नॅनकिवेलबाईंनी हजेरीपटावरून नजर वर न करता नाक उडवलं, एक खांदा वर केला आणि जुनोच्याच घाईघाईच्या, शेवटी चढत जाणाऱ्या आवाजात म्हटलं, “पैज लावते, मिस, डबा जन्मापासून तिथं आहे.”

वर्ग बाकांवर लोळला. बाई पुढच्या नावाकडे गेल्या. नक्कल चांगली होती, हे जुनोला मनातल्या मनात मान्य करावं लागलं. आणि महिना संपायला अजून एकोणतीस दिवस होते.