वाघीण आणि माझे पाच ‘की’

सावली तालुक्यातल्या त्या गावात वनरक्षक म्हणून लागून मला महिनाच झाला होता. एके दिवशी सकाळी नाल्याकाठी वाघिणीच्या पावलांचे ठसे दिसले. सोबत दोन पिल्लांचे. मोहफुलाचे दिवस होते आणि पहाटे बाया टोपल्या घेऊन नेमक्या त्याच नाल्यावर जायच्या. माझी घरमालकीण त्यांत सगळ्यात पुढे.

मी लगेच सूचना लिहिली. नवी नोकरी, त्यामुळे भाषाही कडक इस्त्रीची. संध्याकाळी कोतवालभाऊ ती भोंग्यावरून वाचू लागले.

“सर्व ग्रामस्थांना कळविण्यात येते की, असे निदर्शनास आले आहे की, नाल्यालगत वन्यप्राण्याचा वावर असून अशी शक्यता आहे की, त्यासोबत पिल्ले असावीत, तरी विनंती आहे की...”

इथे भाऊंना दम लागला. पाचवा ‘की’ तर खोकल्यातच गेला. हापशीवरच्या बाया हसून हसून बेजार.

“अगा भाऊ, काय हाय अन् कुठी हाय ते सांग ना!” घरमालकीण ओरडली. मग बाकीच्यांना म्हणाली, “चला, पहाटे लवकर निघू.”

मी धावत जाऊन तिचा हात धरला. “मावशी, जाऊ नका!”

“काऊन?”

“नाल्यावर वाघीण आहे.”

“एकटी?”

“दोन पिल्लं आहेत सोबत.”

“कोणं पाह्यलं?”

“ठसे मी पाहिले. आज सकाळी.”

तिने भाऊंच्या हातातला कागद ओढून माझ्या नाकासमोर धरला. “मंग याच्यात तू कुठी हायेस व बाई?”

मी कुठेच नव्हते. प्रत्येक ‘की’च्या आड लपून बसले होते. ठसे चुकीचे निघाले तर साहेब मलाच धरतील, ही खरी भीती. लाज वाटली आणि हसूही फुटलं. तिथेच हापशीवर बसून तिने प्रश्न विचारले त्याच क्रमाने मी सूचना नव्याने लिहिली. ‘अंदाज’ हा शब्द फक्त जिथे खरंच अंदाज होता तिथेच वापरला.

भाऊंनी पुन्हा भोंगा धरला. “उद्या मोहफूल वेचायला नाल्यावर जाऊ नका. तिथे वाघिणीचे ठसे आहेत. सोबत दोन पिल्लांचे आहेत. ते मी आज सकाळी पाहिले. वाघीण अजून तिथेच असावी, असा माझा अंदाज आहे. वनरक्षक.”

प्रत्येक पूर्णविरामाला भाऊ ऐटीत थांबत होते. या वेळी हापशीवर कोणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर गावातले तिघं आणि मी काठ्या वाजवत नाल्यावर गेलो. मोहाखाली फुलांचा सडा तसाच पडला होता. त्यावरून वाघिणीची ताजी पावलं गेली होती, मागोमाग पिल्लांची. माणसाचं एकही पाऊल नव्हतं. सोबतचे लोक बघत राहिले आणि मी तिथेच, गणवेशात, टाळ्या पिटत नाचले.

घरी आले तर मावशी रिकामी टोपली पालथी घालून तिच्यावर बसली होती.

“पाह्यलं?” तिने विचारलं.

“पाहिलं,” मी म्हणाले. “मी पाहिलं.”