शाबूत सील, हलकी पोती

युद्धाच्या काळात मी गोंदियाच्या एका मालवाहतूकदाराकडे मुनीम होतो. आमच्या लॉऱ्या चिचगडहून तांदूळ भरून देवरी, कोहमारा या रस्त्याने सौंदडच्या स्टेशनावर जात. पोत्यांवर ताडपत्री टाकून दोर आवळायचा, मागच्या गाठीत तार ओवायची आणि तिच्यावर शिशाचं सील चिमट्याने दाबायचं. सीलचा आकडा चलनावर असे. सौंदडला तो जुळला की मगच मी सील तोडायचो.

एका लॉरीची पोती उतरताना हलकी भरू लागली. सील मात्र शाबूत. ड्रायव्हर जुना, भला माणूस; सगळे त्याला उस्ताद म्हणत. आधीच्या मालकाकडे चौकशी करूनच त्याला ठेवलं होतं. मालक त्याला काढायला निघाले. मी म्हटलं, एकदा त्याच्याबरोबर जाऊन येतो.

देवरी मागे पडल्यावर उस्तादांनी लॉरी सरळ एका गाडरस्त्याला घातली. विचारलं तर म्हणाले, इथं बहिणीचं घर आहे, दर खेपेला जेवतो. लपवाछपवी काहीच नव्हती. बहिणीने मलाही ताट वाढलं. आपण एकदा लॉरी पाहून यावी म्हणून मी उठलो.

पलीकडच्या बाजूला एकजण ताडपत्रीची कड उचलून पोत्यात परखी खुपसत होता. त्या पोकळ लोखंडी सळईतून तांदूळ त्याच्या पिशवीत पडत होता. मला पाहताच पिशवी टाकून तो धानाच्या बांधीतून पळाला.

उस्ताद उष्ट्या हातानेच बाहेर आले. पोत्याची भोकं एकेक करून मोजू लागले.

"मी सीलच्या भरवशावर राहिलो," ते म्हणाले. "बाजू कोन पाहाते?"

गोंदियाला येऊन त्यांनी स्वतःच मालकांना सगळं सांगितलं. मालकांनी उस्तादांना ठेवलं, पण शिस्त घातली. ताडपत्रीच्या बाजूच्या कड्यांतूनही एकच दोर फिरवायचा आणि त्याची दोन्ही टोकं सीलमध्ये घ्यायची. थांबायचं ते फक्त कोहमाऱ्याला, आमच्या चौकीदारासमोर. निघताना ड्रायव्हरने भोवती फिरून दोर हाताने चाचपायचा.

उस्तादांनी सगळं पाळलं. पोती भरलेली उतरू लागली, पण उस्ताद वाळत चालले. कोहमाऱ्याला नुसता चहा घेत.

पुढे एका खेपेला मी सोबत होतो. कोहमाऱ्याला झाडाखाली त्यांची बहीण डबा घेऊन बसलेली. बाजाराच्या बैलबंडीतून आली होती. उस्ताद तिच्यावर रागावले, एवढ्या उन्हात काऊन आली म्हणून.

"नेम तुह्या लॉरीले हाये," ती म्हणाली, "मले थोडीच हाये?"

भात आणि लाखोळीचं वरण होतं. उस्ताद दोन घास खात आणि मान वळवून लॉरीकडे पाहत. शेवटी तिने त्यांना हाताला धरून लॉरीकडे तोंड करून बसवलं. मग ते पोटभर जेवले.