वळ्यावरचं नाव

माझं लग्न एका वळ्यापायी मोडायला आलं होतं. वळं म्हणजे साधी, खड्याबिड्याशिवायची सोन्याची अंगठी. हे वळं तर इतकं अरुंद की मुंगी त्यावरून चालली असती तर तिला पाय जवळजवळ घेऊन चालावं लागलं असतं. त्यावर अक्षर कोरायचं होतं, आणि कोरणारा मी.

बारामतीच्या सराफ गल्लीत एका शेठच्या दुकानाच्या पायरीवर माझी बैठक होती. नव्वदच्या दशकाची सुरुवात असेल. लग्नसराईत भांड्यांवर नावं घालायची, एरवी अंगठ्यांवर, पैंजणांवर, देवाच्या टाकांवर. मी जळोचीहून सायकलनं यायचो आणि संध्याकाळी परत जायचो तेव्हा माझी मान पुढं आलेली असायची ती सकाळपर्यंत मागं जायची नाही. आई म्हणायची, मुलगी बघायला जाताना तरी मान सरळ ठेव, लोक म्हणतील काहीतरी हरवलंय.

तर मुलगी डाळजची ठरली. तिच्या घरी आजोबांचा शब्द चाले. त्यांना सगळं गाव आबा म्हणे. आबांचं अर्धं आयुष्य मेंढरांमागं गेलं, मग उजनीचं पाणी आलं आणि घर उसात स्थिरावलं. शाळेचं तोंड त्यांनी पाहिलं नव्हतं, पण वाटेनं लागणाऱ्या पाट्या वाचून वाचून अक्षर शिकले होते. एसटीच्या पाट्या, मैलाचे दगड, कारखान्याच्या फाटकावरची पाटी. म्हणजे अक्षर ढोबळ पाहिजे, ठसठशीत पाहिजे, आणि डोक्यावर रेघ पाहिजे. तेवढं असलं की आबा कुठलाही शब्द वाचत. नसलं की तो मजकूर त्यांच्या लेखी मराठी नव्हताच.

साखरपुड्याला नवरदेवाची अंगठी मुलीकडचे करतात. आबा एक दिवस एसटीनं बारामतीला आले, शेठकडून वळं घेतलं आणि पायरीवर माझ्यासमोर धरलं.

"पावनं, हे तुमचंच हाय. आता तुमीच ह्याच्यावर आमच्या पोरीचं नाव घाला."

"माझ्याच अंगठीवर मीच?"

"मग? न्हावी सोताची दाढी करत न्हाय व्हय?"

मी म्हणालो, घालतो. म्हणालो ते बिनडोकपणे, कारण पुढं आबांनी मजकूर सांगितला. मुलीचं नाव, वडलांचं नाव, आडनाव, मुक्काम पोस्ट डाळज, तालुका इंदापूर. मी वळ्याकडं पाहिलं, आबांकडं पाहिलं. त्यावर सातबारा उतरवायचा राहिला होता तेवढा.

"आबा, बसणार नाही."

"जत्रंत माणूस तांदळाच्या दाण्यावर नाव लिवतो. दाण्यापरीस हे ल्हान हाय का?"

आता हे कसं समजवायचं? दाण्यावर तो शाई लावतो. शाई वरच्या वर बसते. मी धातू कापतो. कलमाचं टोक असतं पाचरीसारखं. जितकं खोल जाईल तितकी रेघ वर रुंद होते. खोल कोरलं की अक्षराच्या पोटातली मोकळी जागा भरून येते आणि नावाऐवजी ओळीनं उवा चिरडल्यासारख्या दिसतात. उथळ कोरलं तर पोट मोकळं राहतं, पण दिवसभर धातू घासणाऱ्या माझ्या हातात ती अंगठी वर्षभरात गुळगुळीत. त्यात हे वळं पाठीवर गोलसर. माथ्यावर कलम नीट चालतं, कडेला उतरलं की घसरगुंडी. आणि बोट गोल, त्यामुळं समोरून दिसतो तो अंगठीचा तिसरा हिस्सा. बाकीचं वाचायला लोकांनी काय माझं बोट पिरगाळायचं?

हे सगळं मी आबांना सांगितलं. शेठनं गल्ल्यावरून मान डोलावली. आबांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "बरं. मंग तालुका ऱ्हाऊ द्या."

अख्खी दुपार गेली. पोस्ट गेलं, गाव गेलं, आडनाव गेलं, वडलांचं नाव जाताना आबांना फार जड गेलं. शेवटी नुसतं मुलीचं नाव राहिलं. चार अक्षरं. ती इथं सांगणार नाही, मला अजून घरात जेवायचं असतं. पण चारांत दोन अक्षरं पोटाळ, एक जोडाक्षर, एकावर वेलांटी आणि एकाखाली उकार. देवानं मुलगी चांगली दिली, नाव मात्र कोरणाऱ्याचा विचार न करता ठेवलं.

मी हळूच म्हणालो, "आबा, वरची रेघ काढून टाकू का? तेवढीच अक्षराला उंची मिळेल."

आबा उठून उभेच राहिले. "बोडकं अक्षर? शुभकार्यात? टोपी न घालता मांडवात बसणार हाय का तुमी?"

मग खरं कारण बाहेर आलं. थोरल्या नातीच्या साखरपुड्यात पुण्याहून मशीननं कोरलेली अंगठी आली होती. अक्षर इतकं बारीक आणि उथळ की दिसेचना. भावकीतल्या एकानं मुद्दाम ती आबांच्या हातात दिली आणि म्हणाला, आबा, वाचा की. आबांना वाचता येईना. लोक हसले. अक्षर वाईट होतं हे कुणी म्हणालं नाही, आबाच अडाणी ठरले.

"ह्या बारीला म्या वाचणार," आबा म्हणाले, "सगळ्यांम्होरं. नाव वाचलं तर साखरपुडा. न्हाय वाचता आलं तर पावनं, तुमी तुमच्या घरी, आमी आमच्या घरी."

हे बोलून ते एसटीला गेले. आणि मी त्या वळ्याशी एकटा.

पुढचे कितीतरी दिवस मी माणसात नव्हतो. तांब्याची पट्टी गोल वळवून तिच्यावर इतक्या वेळा ते नाव कोरलं की पायरीवर तांब्याचा कीस साचून गल्लीतली मांजरं चमकायला लागली. आधी पांढरा रंग लावायचा, सुईनं आखणी करायची, मग कोरायचं, मग भिंगातून बघायचं आणि कपाळ बडवायचं. नेहमीचं कलम टाकून दिलं. नवीन एक घासलं, सुरीच्या पात्यासारखं, अंगानं बारीक. ते खोल गेलं तरी रेघ रुंद होईना. पोटाळ अक्षरांना मी दोन्ही बाजूंनी दाबून उभट केलं, तिघांच्या बाकड्यावर पाच जण बसावेत तसं. गोल पोटं अंड्यासारखी केली. जोडाक्षर शेजारी शेजारी न ठेवता एकाखाली एक बसवलं. आबांची रेघ दिली, पण अगदी वरच्या कडेजवळ, आणि वेलांटी तिच्यावर छत्रीसारखी चपटी केली. तिला जागा इतकी कमी की ती काही खोल कोरता आली नाही.

सोन्यावर कोरताना वळं लाकडी चिमट्यात धरलं. उजवा हात जागचा हलवायचा नाही, डाव्या हातानं चिमटा फिरवायचा, म्हणजे कलमासमोर कायम वळ्याचा माथाच येतो. त्या वेळात मी श्वासही घेतला नसावा. शेजारचा पानवाला सांगायचा की त्यानं मला मेलेला समजून दुकान अर्धं बंद केलं होतं.

आणि साधलं! खोल, अरुंद, मोकळ्या पोटाचं नाव. फटींत पांढऱ्या रंगाचा मळ राहिला होता, त्यामुळं तर हातभर लांबून वाचता येत होतं. मी खुशीत चहा प्यायला गेलो.

परत आलो तर शेठच्या हातात वळं. बफाच्या फिरत्या चाकावर धरून लख्ख केलेलं. रिठ्याच्या पाण्यात घासून धुतलेलं. कडा गुळगुळीत, फटी स्वच्छ, वेलांटी जवळजवळ बेपत्ता. सोन्यावर सोन्याचीच अक्षरं, आणि दोन्ही सारखीच चमकताहेत.

"अहो शेठ, हे काय केलंत?"

"माझ्या दुकानातून साखरपुड्याची वस्तू विनापॉलिश जात नाही."

"वाचायचंय ते! चमकवायचं नाही!"

"सोनं आहे. चमकणार नाही तर काय करणार?"

पुन्हा कोरायला वेळ नव्हता, आणि होता तरी त्याच फटीत दुसऱ्यांदा कलम घातलं की रेघ फाकते. मी शेठला पायरीवरून जितकं बोलता येतं तितकं बोललो. म्हणजे मनातल्या मनात. पायरी त्याची होती.

साखरपुडा डाळजला, भर दुपारी, अंगणात. आईनं मला मान सरळ ठेवायला सांगितलं, पण माझी मान त्या दिवशी आपोआप खाली होती. भावकी रांगेनं बसलेली. तो वाचा-की म्हणणारा भाऊबंद सर्वांत पुढं, मिशीला पीळ देऊन. आबांनी वळं घेतलं, डोळ्यांसमोर धरलं. उन्हात नुसता लखलखाट. दूर नेलं. जवळ आणलं. सावलीकडं वळवलं. तिथंही तेच.

"काय आबा," तो भाऊबंद म्हणाला, "चष्मा देऊ का कुणाचा?"

पोरीबाळी फिसफिसल्या. मला शेठचा, पॉलिशचा, माझ्या चहाचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. आबा वळं ताटात परत ठेवणार तेवढ्यात नवरी पुढं झाली. माझ्याकडं बघितलंही नाही. आबांच्या हातातून वळं घेतलं, अक्षरांवरून अंगठा फिरवला, खोली चाचपली. मग डोळ्याच्या कडेचं काजळ बोटावर घेऊन वळ्याला खसाखसा चोळलं आणि पदरानं वरच्यावर पुसून घेतलं.

वरचं काजळ गेलं. फटीतलं राहिलं. सोन्यावर काळंभोर नाव उठून आलं, डोक्यावरच्या रेघेसकट, वेलांटी तेवढी पुसट.

आबांनी वाचलं. एकेक अक्षरावर थांबून, मैलाचा दगड वाचावा तसं, पार डाळजच्या फाट्यापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. पुन्हा एकदा वाचलं. मग वळं त्या भाऊबंदाच्या नाकाला लावलं. "हं. वाच की."

त्यानं वाचलं. अंगणात कल्ला झाला. मला वाटलं, आता माझं नाव निघेल. ती खोल फट कुणी केली? काजळ उथळ रेघेत बसलं असतं का? मी मान सरळ केली.

आबांनी नातीच्या पाठीवर थाप मारली. "पोरगी आमची लई हुशार!" मग माझ्याकडं वळले, वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "पावनं... चालतील."

बोटात अंगठी आली, पान पडलं. पुरणपोळी, वर तुपाची धार. मी हात धुवायला तांब्या उचलला तोच आबांनी माझं मनगट धरलं.

"हात नगा धुऊ. नाव जाईल. इंदापूरच्या मामास्नी दाखवायचं हाय, त्यांची गाडी यायचीय अजून."

गाडी कधी येणार ते कुणालाच माहीत नव्हतं. माझ्यासमोर तूप हळूहळू थिजत होतं. समोर ती खाली मान घालून हसत होती, एका डोळ्यातलं काजळ पुसलेलं.