वार पाटीवर

आमच्या सोसायटीच्या बातमीपत्राला पहिल्या महिन्यातच शिव्या बसल्या, आणि त्या रास्त होत्या.

शहराच्या कडेला, मुकुंदवाडीच्या पुढं, जिथं ज्वारी डोलायची तिथं आमच्या इमारती उभ्या राहिल्या. माणसं आली, गाड्या आल्या, पाणी तेवढं यायचं राहिलं. त्यात दुष्काळाची वर्षं एकाला एक लागून आली. नळाला पाणी आठवड्यातून एकदा, तेही त्याच्या मर्जीनं. बाकी टँकर. फळ्यावरची सूचना कुणी वाचत नाही, ग्रुपवर सूचना टाकली की तिच्यावर वीस फुलं आणि सुविचार येऊन पडतात, म्हणून चेअरमन साहेबांच्या डोक्यातून निघालं की दर महिन्याला पाच-सात मिनिटांचा व्हिडिओ करायचा. संहिता मी लिहायची, कारण मी मराठीची निवृत्त शिक्षिका. म्हणजे रिकामटेकडी. संकलन तिसऱ्या मजल्यावरची सूनबाई मोबाइलवर करणार. आणि निवेदनाला कुणी तयार होईना, तेव्हा माझ्या दारासमोरच्या वहिनी म्हणाल्या, "मी वाचते की. त्यात काय लाजायचं? चोरी थोडीच करायलेय."

वहिनी सोयगावकडच्या. शेतकरी घर, यजमान गेलेले, मुलगा पुण्याला नोकरीला. चौथ्या मजल्यावर त्या एकट्या आणि समोर मी एकटी. मी त्यांना वहिनी म्हणायची, त्या मला बाई.

तर पहिलं बातमीपत्र. वहिनींनी छान हसून सांगितलं, "मंगळवारी सकाळी पाणी येणार हाय." चित्रण शनिवारी झालं, व्हिडिओ सोमवारी गेला, आणि मधल्या काळात पाण्याचा वार बदलून गुरुवार झाला. मंगळवारी सगळी सोसायटी पहाटे उठून कोरड्या नळाखाली बादल्या मांडून बसली. दोन दिवस वहिनी जिन्यात दिसल्या की लोक म्हणायचे, "आल्या मंगळवारच्या बाई!"

त्या दिवसापासून नियम ठरला, आणि तो वहिनींनीच ठरवला. वार पाटीवर, तोंडात नाय. पाटी म्हणजे पडद्यावर येणारी सूचना. तोंडानं बोललेलं बदलायचं तर परत साडी नेसा, परत कॅमेरा लावा. पाटी मात्र सूनबाई दोन मिनिटांत बदलून द्यायची. म्हणून निवेदनात फक्त एवढंच, "पाण्याचा वार पाटीवर बघा." आणि पाटी शेवटच्या क्षणापर्यंत हातात ठेवायची.

हळूहळू आमची रीत बसली. कागद मधोमध दुमडायचा. डावीकडं 'दिसतं', उजवीकडं 'ऐकू येतं'. आधी ठळक बातम्या, मग पाणी, मग लिफ्ट-दिवे-पार्किंग, मग स्वागत आणि निरोप, शेवटी सूचना. नवं कुटुंब आलं की स्वागत, कुणी घर सोडलं की निरोप. निरोपाशिवाय कुणी सोसायटी सोडायची नाही, असा आमचा दंडकच होता. पाटीवर चार ओळींपेक्षा जास्त मजकूर नाही, आणि वहिनी तो मोठ्यानं दोनदा वाचून होईपर्यंत पाटी हलवायची नाही. सूनबाई कुरकुरायची, "काकू, एवढा वेळ कोण बघतं?" वहिनी म्हणायच्या, "चष्मा शोधायला येळ लागतो, बाळा."

दोन बातम्यांमधलं जोडवाक्य ही खरी अवघड गोष्ट. मी लिहायची, 'आता वळू या पाणीपुरवठ्याच्या परिस्थितीकडे.' वहिनी वाचायच्या आणि कागद खाली ठेवायच्या.

"बाई, हे कुणाच्या मयताला निघाल्यासारखं वाटतंय. मी असं म्हणू का, लिफ्ट वर जाती, पाणी काय जात नाय. चला, बघू कुठं अडलं ते?"

"म्हणा. माझी पस्तीस वर्षांची नोकरी पाण्यात घाला."

"पाणी हाय कुठं घालायला!"

आणि आम्ही दोघी चहा सांडेपर्यंत हसायचो. टँकरच्या पाण्याचा चहा मचूळ लागायचा. तसा चहा पुन्हा प्यायला मिळावा म्हणून मी आज काय वाट्टेल ते देईन. गोड पाण्याचा चहा आता रोज पिते, एकटी. चव कशाला म्हणतात ते तेव्हा कळत नव्हतं.

एका उन्हाळ्यात लिफ्ट बंद होती, आणि खालच्या हौदातून बादली वर आणताना वहिनींचा पाय जिन्यात घसरला. हाड मोडलं नाही, पण गुडघा सुजून भोपळा झाला. मुलगा रातोरात आला. शांत मुलगा, पण ठाम. "आई, पुरे झालं आता. पाणी नीट येईपर्यंत तू पुण्याला चल. नातीलाही तू हवी आहेस."

पाणी नीट येईपर्यंत. ते तीन शब्द मी घट्ट धरून ठेवले. पाणी काय, आज ना उद्या येईलच. धरण भरेल, नवी जलवाहिनी म्हणतात तीही होईल. वहिनी येतील.

महिन्याची संहिता लिहायला बसले. पाणी लिहिलं, लिफ्ट लिहिली, गच्चीवर वाळवण घालणाऱ्यांना दोन शब्द सुनावले. स्वागत नव्हतं. निरोपाची जागा आली आणि मी सरळ सूचनांवर उडी मारली. ज्या घटनेची बातमीच नाही ती घटना घडतेच कशाला, असला काहीतरी आडमुठा विचार होता डोक्यात. मी आडमुठी आहेच. शाळेतही म्हणायचे.

चित्रण वहिनींच्याच हॉलमध्ये. भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलेलं, शोकेसमधली भांडी कागदात गुंडाळलेली. सूनबाईनं मोबाइल तिकाटण्यावर लावला आणि त्या रिकाम्या भिंतीला टाळून चौकट धरली. वहिनींनी मोतिया रंगाची साडी नेसली होती. संहितेचे मोठ्या अक्षरांचे कागद मी कॅमेऱ्याशेजारी धरले. त्यांनी सगळी जोडवाक्यं एका दमात म्हटली. शेवटचा कागद मी पुढं केला, तेव्हा त्या थांबल्या.

"बाई, निरोप कुठंय?"

"कुणाचा?"

"आता गंमत नका करू. माझा."

"तुम्ही काय घर सोडून चाललात? पाणी येईपर्यंत तर जाताय. निरोप कशाला?"

सूनबाई मोबाइलकडं बघत उभी राहिली. वहिनींनी पदर नीट केला.

"दुसऱ्या मजल्यावरचे गेले तवा मीच वाचला. पाठीमागचे गेले तवा मीच वाचला. सगळ्यांचा वाचला अन् माझाच नाय? लोक म्हणतील, पळून गेली मंगळवारची बाई."

"मग लिहिते," मी म्हणाले. पण पेन हातात धरून तशीच बसले. पस्तीस वर्षं मुलांना निबंध लिहायला लावले, आणि मला एक ओळ सुचेना. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. राग आला मला त्याचा.

"अगं बया, नळाला नाय अन् इथं धो धो," वहिनी म्हणाल्या. "ऱ्हाऊ द्या. लाव गं बाळा कॅमेरा."

आणि त्या कागदाशिवाय बोलल्या. "आता निरोप. चौथ्या मजल्यावरच्या, म्हणजे मीच, लेकाकडं चाललेय. सात-आठ साल राहिले इथं. शेजार लई गुणाचा मिळाला. शेजारीण जरा तापट हाय, पण तिच्या हातचा चहा प्या, जीव थंड होतो. तिच्याकडं ध्यान ठेवा. जेवली का इचारत जा, ती आपणहून सांगत नाय."

आणि शेवटी म्हणाल्या, "जायाचा वार पाटीवर बघा."

कॅमेरा बंद झाल्यावर मी विचारलं, "वार सांगितला का नाहीत? ठरलाय ना?"

"नेम हाय ना आपला? वार बदलू शकतो."

त्यांनी हे माझ्यासाठी केलं होतं, हे मला त्याच क्षणी समजलं. मी सूनबाईला पाटीचा मजकूर दिला आणि वाराची जागा मोकळी ठेवली. दोन दिवस तिनं वाट बघितली. मीही बघितली. तिसऱ्या दिवशी ती दारात येऊन म्हणाली, "बाई, टाकायलाच हवा आता." मी रविवार सांगितला. रविवारी सकाळी गाडी आली, वहिनी काठी टेकत उतरल्या, आणि गाडी गेली.

त्यानंतर निवेदन मीच करते. बरं करत नाही. फळ्यापुढं उभी असल्यासारखी बोलते असं चेअरमन साहेब म्हणाले, आणि त्यांचं काही चुकलं नाही. पण पाटी मात्र वहिनींच्या दोन वाचनांइतकीच ठेवायला लावते. त्यांच्या सुरात मनातल्या मनात वाचते, चष्मा शोधायला लागणाऱ्या वेळासकट.

पाऊस चांगला झाला. एका वर्षी, मग पुढच्याही. पाणी हळूहळू रांगेला लागलं, आणि एका महिन्यात मी ती पाटी लिहिली ज्यासाठी इतके दिवस पेन झिजवत होते: 'आनंदाची सूचना. नळाचे पाणी आता दिवसाआड. सकाळी. पूर्ण दाबाने.' सूनबाईला म्हटलं, या वेळी चार वाचनांइतकी ठेव. व्हिडिओ सोसायटीच्या ग्रुपवर जायच्या आधी मी तो पुण्याला पाठवला.

संध्याकाळी वहिनींचा आवाज आला, मोबाइलवर बोलून पाठवलेला. आधी त्यांनी ती पाटी मोठ्यानं वाचली. मग परत वाचली. मग बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज आणि मागं एका पोरीची बडबड.

"बाई, पाटी झकास हाय," त्या म्हणाल्या. "पण नातीची शाळा लागली इथं. तिला न्यायला-आणायला मीच. ती दुसऱ्या कुणाचं बोटच धरत नाय. माझ्या येण्याची पाटी करून ठेवा तुम्ही. वार मोकळा सोडा."

मी खरंच करून ठेवली. सूनबाईच्या मोबाइलमध्ये ती पाटी होती: 'वहिनी येणार.' खाली 'वार' आणि पुढं मोकळी जागा. दर महिन्याला ती विचारायची, "टाकायची का?" मी म्हणायची, राहू दे.

गेल्या महिन्यात चेअरमन साहेबांनी नेहमीसारखे मुद्दे पाठवले. स्वागताखाली लिहिलं होतं: चौथ्या मजल्यावर नवीन कुटुंब. वहिनींचं घर विकलं गेलं होतं. वहिनींचा फोन त्याच दुपारी आला होता, आणि मी उचलला नव्हता. मुद्दे वाचल्यावर लावला. त्या रडत होत्या. म्हणाल्या, "बाई, त्येंचं स्वागत तुम्हीच चांगलं लिवा. अन् जोड नीट द्या."

मी लिहिलं. साडी नेसले आणि कॅमेऱ्यापुढं बसले. पाण्याची बातमी संपवली आणि म्हटलं, "पाणी आता चौथ्या मजल्यापर्यंत चढतं, चला, तिथं कोण आलंय ते बघू." मग नव्या कुटुंबाचं स्वागत केलं आणि ते राहायला कधी येणार तेही सांगितलं, तोंडानं. रविवारी.

सूनबाईनं मोबाइलमागून मान वर केली. "बाई, वार पाटीवर ना?"

"नको," मी म्हणाले. "हा बदलायचा नाही."